‘कोणालाही राग आलेला नाही’: एका प्रतिक्रियेला उत्तर

ऑफिसच्या मेलची सुरुवात कोणत्या संबोधनाने करावी, या माझ्या लेखावर आलेली एका वाचकाची प्रतिक्रिया:

“काकू, ‘डिअर’ लिहू की ‘हाय’ लिहू यावर एवढा मोठा लेख? तुमच्या काळात लोकांकडे वेळ होता. मी माझ्या टीमला थेट मुद्द्याची मेल टाकतो, वर नाव नाही, गाव नाही, आणि आजपर्यंत कोणालाही राग आलेला नाही. हे सगळे इंग्रजांनी शिकवलेले चोचले. शिवाय माझा जर्मन मॅनेजर मला ‘हाय’च लिहितो, म्हणजे तेही तुमचं चूक.”

वयाने मी काकूच आहे, तेव्हा त्या हाकेला माझी हरकत नाही. पण तिच्या पाठोपाठ ‘तुमच्या काळात’ आलं आणि ती हाक कशासाठी होती ते कळलं. मत पटलं नाही तर सरळ तसं लिहा, मी कोणाचीही विरोधी प्रतिक्रिया आजवर काढून टाकलेली नाही. समोरच्याचं वय काढून मुद्दा खोडल्यासारखं करणं मात्र मला चालत नाही. लेख लांबला होता, हे मान्य. त्यातला फॅक्सचा भाग गाळला असता तरी चाललं असतं.

आता राग न येण्याबद्दल. तुम्ही टीमचे प्रमुख आहात, तुमच्याच वाक्यावरून ते दिसतं. मग तुमच्या हाताखालच्या मुलीने तुम्हाला येऊन ‘सर, तुमच्या मेलवर माझं नाव नसतं, ते मला लागतं’ असं सांगावं, ही अपेक्षा तुम्ही कशी करता? वरून खाली जाणाऱ्या मेलमधून संबोधन आधी गळतं. खालून वर जाणाऱ्या मेलमध्ये ‘डिअर सर’ वर्षानुवर्षं टिकून असतं. ज्याला वगळण्याची मुभा आहे त्यानेच ‘कोणाला काही वाटत नाही’ असं सांगितलं, तर ती साक्ष मी धरत नाही. मी खरेदी विभागात अगदी खालच्या टेबलावरून सुरुवात केली आहे. आमचे एक साहेब एका ओळीच्या मेल पाठवायचे: “कालची कोटेशन्स कुठे आहेत?” त्यांना वाटायचं, काम झपाट्यानं चाललंय. आम्ही ती ओळ एकमेकींना दाखवून विचारायचो, साहेब चिडलेत का? उत्तर द्यायच्या आधी अर्धा तास त्यातच जायचा. साहेबांना आम्ही यातलं कधीच काही बोललो नाही. तेही कुठेतरी ‘कोणालाही राग आलेला नाही’ असंच सांगत असणार.

यावर अभ्यासही झालेला आहे. जोन वॉल्डव्होगेल यांनी न्यूझीलंडमधल्या दोन संस्थांतल्या ईमेल तपासल्या, तो लेख 2007 साली प्रसिद्ध झाला. एक शिक्षणसंस्था होती, तिथे फेररचना झालेली आणि व्यवस्थापनावर लोकांचा विश्वास उरलेला नव्हता. दुसरा कारखाना होता, तिथे वरच्या-खालच्यांचे संबंध मोकळे होते. मेलवर संबोधन आणि शेवटी निरोपाचा शब्द कारखान्यात सर्रास सापडला. शिक्षणसंस्थेत तो बराच कमी होता. कारखान्यातल्या लोकांनाही कामाची घाई असतेच, तेव्हा वेळ नसल्याचं कारण इथे पुरत नाही.

राग बाजूला ठेवू, कामाचंच बोलू. ‘टू’मध्ये तिघे आणि ‘सीसी’मध्ये चौघे असतील, तर वरचं नाव नुसतं सौजन्याचं राहत नाही, काम कोणाचं ते त्याच्यावरून ठरतं. आमच्याकडे एका कास्टिंगच्या सुधारित ड्रॉइंगबद्दल अशी मेल गेली होती. ‘टू’मध्ये डिझाइन, क्वालिटी आणि स्टोअर्स. वर काहीच नाही, थेट मजकूर: “नवीन टॉलरन्स चालेल का, गुरुवारपर्यंत कळवा.” डिझाइनला वाटलं, टॉलरन्स म्हणजे तपासणीचा प्रश्न, क्वालिटी बघेल. क्वालिटीला वाटलं, ड्रॉइंग डिझाइनचं, ते बोलतील. स्टोअर्सचा तर संबंधच नव्हता. गुरुवार गेला, आणि पुरवठादाराने जुन्याच ड्रॉइंगवर माल ओतला. पुढच्या वेळी मी त्याच प्रकारची मेल ‘हाय’ आणि क्वालिटीच्या माणसाचं नाव अशी सुरू केली आणि त्याखाली एक ओळ टाकली: “डिझाइन आणि स्टोअर्सला माहितीसाठी.” उत्तर त्याच दिवशी आलं. ‘हाय ऑल’ किंवा ‘डिअर टीम’ मी सूचना द्यायला वापरते. सुट्टीची यादी, पार्किंगचा बदल, अशा गोष्टींना ते ठीक. ज्या मेलवर कोणीतरी एकाने उत्तर द्यायचं आहे, तिथे ‘ऑल’ लिहिलं की उत्तर येत नाही.

संबोधन न लिहिणं कुठे बरोबर, हेही मी मूळ लेखात सांगितलं होतं. तो परिच्छेद तुम्ही वाचला असावा असं वाटत नाही. एकाच विषयावर दोघांची उलटसुलट चालू आहे, पहिल्या मेलला ‘हॅलो’ झालेलं आहे, आणि तासाभरात चौथं उत्तर जातंय. तिथे पुन्हा नाव लिहायची गरज नाही, उलट लिहिलं तर वाचणारा दचकतो. कारण चालत्या मेलमालिकेत संबोधन बदललं की काहीतरी बिघडलंय असा त्याचा अर्थ घेतला जातो. एक पुरवठादार मला कायम ‘हाय’ आणि पहिलं नाव लिहायचा. एका सकाळी त्याची मेल ‘डिअर मॅडम’ने सुरू झाली आणि ‘सीसी’मध्ये दोन्हीकडचे मोठे साहेब होते. पुढचा मजकूर वाचायच्या आधीच मला कळलं की थकलेल्या बिलांचं प्रकरण आता आपल्या दोघांत राहिलेलं नाही. म्हणूनच मी नव्या मुलांना सांगते, चिडून मेल लिहिलीत तर पाठवण्याआधी कालच्या मेलवर काय लिहिलं होतं ते वर जाऊन बघा. ‘हाय’चं ‘डिअर’ करायचं असेल तर ते ठरवून करा, रागाच्या भरात नको.

वेळ वाचवायचाच असेल तर ‘आशा आहे, आपण कुशल असाल’ ही इंग्रजी छापाची ओळ काढा. मोबाइलवर मेल न उघडता जो थोडासा मजकूर दिसतो, तो ती ओळ खाते आणि मुद्दा खाली जातो. दोन शब्दांच्या ‘हाय अमुक’मुळे ती जागा जात नाही.

तुमच्या जर्मन मॅनेजरबद्दल: तो तुम्हाला ‘हाय’ लिहितो, कारण तुम्ही रोज त्याच्याबरोबर काम करता. मी लिहिलं होतं ते अनोळखी कंपनीला जाणाऱ्या पहिल्या मेलबद्दल. तिथे ‘डिअर’, पुढे मिस्टर किंवा मिस आणि आडनाव. बाई की पुरुष हे नावावरून कळत नसेल तर ‘डिअर’ आणि पूर्ण नाव. उत्तर आलं की सर्वांत खाली त्याने स्वतःचं नाव कसं टाकलंय ते बघायचं. नुसतं पहिलं नाव असेल तर पुढच्या मेलला ‘हॅलो’ आणि तेच नाव, पूर्ण नाव आणि हुद्दा असेल तर आपण ‘डिअर’वरच थांबायचं. आणि स्पेलिंग त्या सहीवरूनच उचलायचं. चुकीच्या स्पेलिंगचं ‘डिअर’ पाठवण्यापेक्षा नुसतं ‘हॅलो’ कितीतरी बरं.

इंग्रजांच्या चोचल्यांवर मी काही बोलणार नाही, मेल तुम्हीही इंग्रजीतच लिहिता.

एक मात्र जरूर कळवा. तुमच्या टीममध्ये सर्वांत नवीन जो कोणी आहे, तो तुम्हाला मेल लिहिताना सुरुवात कशी करतो? तोही थेट मुद्द्यावर येत असेल, तर तुमच्या कंपनीपुरतं तुमचं म्हणणं मी मान्य करेन.