डाग किती पडला यावरून धोका ठरत नाही

"पहिल्या तीन महिन्यांत रक्त दिसलं तर हे लक्षात ठेवा. १) तपकिरी किंवा थेंबभर रक्त म्हणजे गर्भ रुजतोय, डॉक्टरची गरज नाही. २) लालभडक आणि जास्त गेलं म्हणजे गर्भ पडला, आता दवाखान्यात जाऊन उपयोग नाही. ३) किटवर दोन रेघा ठळक असतील तर बाळ सुखरूप आहे. ४) तीन महिने पूर्ण होईपर्यंत सोनोग्राफी करू नका, बाळाला धोका असतो. ५) पलंगाच्या पायथ्याखाली विटा ठेवून पंधरा दिवस झोपून राहा, रक्त थांबतं. सर्व बहिणींना पाठवा."

मोबाईलवर फिरणाऱ्या या मेसेजमधल्या पहिल्या मुद्द्यावर मी सगळ्यात जास्त बोलणार आहे, कारण जीव जातो तो त्याच्यापायी.

आधी त्यातलं खरं तेवढं मान्य करू. दिवस गेलेल्या साधारण चारपैकी एका बाईला पहिल्या तीन महिन्यांत कधी ना कधी डाग दिसतो, आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त जणींचं गरोदरपण पुढे नीट चालतं. कधी पिशवीचं तोंड नाजूक झालेलं असतं आणि संबंधानंतर किंवा तपासणीनंतर तिथून थोडं रक्त येतं. कधी गर्भाच्या आवरणामागे थोडं रक्त साचलेलं असतं आणि तेच जुनं होऊन तपकिरी रंगाचं बाहेर पडतं. पण 'रुजण्याचा डाग' हे कारण तारखांमध्ये बसत नाही. बीज सुटल्यापासून साधारण ६ ते १२ दिवसांत गर्भ रुजतो, म्हणजे पाळीची तारीख येण्याआधी किंवा तिच्या आसपास. पाळी चुकून दोन-तीन आठवडे झाल्यावर डाग दिसला, तर तो रुजण्याचा असूच शकत नाही. आणि नेमक्या याच दिवसांत, म्हणजे शेवटच्या पाळीपासून सहाव्या ते आठव्या आठवड्यात, नळीतला गर्भ त्रास द्यायला लागतो.

शंभरातल्या एक-दोन गरोदरपणांत गर्भ पिशवीत न रुजता बाहेर, बहुतेक वेळा गर्भनलिकेत, रुजतो. नळी अरुंद, तिची भिंत पातळ. गर्भ वाढतो तशी ती ताणते, तिच्यातल्या रक्तवाहिन्या उघड्या पडतात आणि एखाद्या दिवशी ती फुटते. हे रक्त बाहेर येत नाही, पोटात साचतं. बाईला कपड्यावर दिसतो तो डाग वेगळ्या जागेचा असतो. संप्रेरकं पुरेशी वाढत नाहीत, म्हणून पिशवीचं आतलं अस्तर थोडं थोडं सुटतं आणि तपकिरी होऊन खाली येतं. म्हणून पोटात लिटरभर रक्त साचलेलं असताना पॅडवर चार थेंबच असू शकतात. तरुण शरीर नाडी वाढवून बराच वेळ रक्तदाब सांभाळून धरतं. त्यामुळे बाई चालत, बोलत दवाखान्यात येते आणि तपासणीच्या टेबलावर कोसळते.

तेव्हा रक्त मोजण्यापेक्षा सोबत काय होतंय ते बघायचं. ओटीपोटात, विशेषतः एका बाजूला, दुखणं. उठल्यावर अंधारी येणं, घाम फुटणं, भोवळ. पोट मोकळं झालेलं असतानाही सारखी शौचाला जावंसं वाटणं, कारण रक्त गुदाशयापुढच्या खळग्यात साचतं. उलटी-जुलाब झाले म्हणून 'काहीतरी बाधलं' समजून गोळ्या देऊन परत पाठवल्याचे प्रकारही होतात. आणि खांद्याच्या टोकाला दुखणं. हे ऐकून पुष्कळ जणी हसतात. पण श्वासपटलाकडे जाणारी नस मानेतून निघते आणि खांद्याच्या कातडीची संवेदनाही मानेतल्या त्याच मुळांतून जाते. आडवं झाल्यावर पोटातलं रक्त वर श्वासपटलापर्यंत सरकतं, आणि दुखणं खांद्यात जाणवतं. पाळी चुकलेल्या बाईला यातलं काहीही झालं तर रात्र-दिवस न बघता निघायचं. स्वतः गाडी चालवत जायचं नाही. महाराष्ट्रात १०८ ला फोन करताना 'दिवस गेलेत, पोटात दुखतंय, चक्कर येतेय' हे पहिल्या वाक्यात सांगा.

आधी नळीत गर्भ राहिलेला असेल, नळीचं किंवा कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन झालेलं असेल, तांबी आत असताना दिवस गेले असतील, ओटीपोटात जंतुसंसर्ग किंवा पिशवीचा-नळ्यांचा टीबी होऊन गेला असेल, टेस्ट ट्यूबने दिवस राहिले असतील, तर तपासणीसाठी डाग पडायची वाटही बघू नये. मात्र नळीत गर्भ राहिलेल्या निम्म्या बायकांत यातलं एकही कारण सापडत नाही, त्यामुळे 'मला असलं काही नव्हतं' हा दिलासा खरा नाही.

एक काल्पनिक पण रोज दिसणाऱ्या धर्तीचं उदाहरण घ्या. शेवटची पाळी १ जूनला. १६ जुलैला, म्हणजे ६ आठवडे ३ दिवसांनी, ती येते. तीन दिवस तपकिरी डाग, उजवीकडे ओढल्यासारखं दुखणं, रक्तदाब-नाडी ठीक. आतून केलेल्या सोनोग्राफीत पिशवी रिकामी आणि उजव्या अंडाशयाशेजारी दोन सेंटिमीटरची गाठ. रक्तातलं बीटा एचसीजी, म्हणजे गरोदरपणाचं संप्रेरक, १,९०० येतं. ४८ तासांनी परत तपासलं तर २,३५०. वाढ २४ टक्के. या पातळीवर पिशवीतला चांगला गर्भ असता तर दोन दिवसांत ती निदान ४० टक्के तरी वाढायला हवी होती, आणि साधा गर्भपात होत असता तर आकडा उतरला असता. वाढतोय, पण रखडत, आणि सोनोग्राफीत गाठ आहे, म्हणजे गर्भ नळीत. ती स्थिर आहे, नळी फुटलेली नाही, गाठीत ठोके नाहीत आणि ती पुन्हा पुन्हा तपासणीला येऊ शकते, म्हणून गर्भाची वाढ थांबवणारं मेथोट्रेक्सेटचं इंजेक्शन देता येतं. चौथ्या आणि सातव्या दिवशी बीटा बघायचा. या दोन तपासण्यांमध्ये तो १५ टक्के तरी उतरला पाहिजे, मग दर आठवड्याला, शून्याजवळ येईपर्यंत. तोवर फॉलिक अॅसिड बंद. हीच बाई १७ तारखेला भोवळ येऊन पडली असती, तर दुसऱ्या रिपोर्टची वाट बघायचं कारण नव्हतं. थेट ऑपरेशन.

दुसरा मुद्दा दोन्ही बाजूंनी चुकीचा आहे. लाल रक्त जाऊनही पुष्कळदा सोनोग्राफीत ठोके दिसतात, आणि ठोके दिसले की दहापैकी नऊ जणींच्या आसपास गरोदरपण टिकतं. आणि गर्भपात होतच असेल, तर तेव्हाच दवाखाना लागतो. तासाला दोन मोठे पॅड पूर्ण भिजतायत आणि असं सलग दोन तास चाललंय, मोठ्या गाठी पडतायत, चक्कर येतेय, ताप आहे किंवा अंगावरून जाणाऱ्याला घाण वास येतोय, यातलं काहीही तातडीचं आहे. पिशवीत तुकडा अडकला तर ती आवळत नाही आणि रक्त थांबत नाही. काही मिनिटांत पिशवी रिकामी केली की थांबतं. जाताना रक्तगटाचा कागद सोबत घ्या. गट निगेटिव्ह असेल तर अँटी-डी इंजेक्शन लागेल का, हे आठवडे आणि रक्तस्राव बघून डॉक्टर ठरवतात.

किटच्या रेघांबद्दल थोडक्यात. किट एचसीजी ओळखतं, गर्भाची जागा नाही. नळीतल्या गर्भातही रेघा ठळक येतात, आणि गर्भपात होऊन गेल्यावरही काही आठवडे येत राहतात. यातून एक वाईट फसवणूक होते. मेडिकलमधून गर्भपाताच्या गोळ्या परस्पर आणून घेतल्या जातात, रक्त जातं, काम झालं असं वाटतं. या गोळ्या नळीतला गर्भ काढत नाहीत. गोळ्यांमुळे दुखतंय म्हणून खरं दुखणं अंगावर काढलं जातं.

चौथ्या मुद्द्याने तर निदानाचा रस्ताच बंद होतो. सोनोग्राफी ध्वनिलहरींवर चालते, एक्स-रेवर नाही. आतून करायच्या सोनोग्राफीचा दांडा योनीमार्गातच राहतो, पिशवीत जात नाही, त्याने गर्भ पडत नाही. डाग आणि दुखणं असेल तर आठवडे किती हे न मोजता ती करायची. फक्त एक खबरदारी, जी उलट्या दिशेची आहे. पाचव्या आठवड्याच्या सुमारास पिशवीत गर्भाची थैली दिसते, ठोके सहाव्या आठवड्याच्या आसपास. पाळी अनियमित असेल तर तुमचा सहावा आठवडा खरा पाचवाच असू शकतो. म्हणून गर्भाची लांबी ७ मिलिमीटर झाली तरी ठोके नाहीत, किंवा थैली सरासरी २५ मिलिमीटरची होऊनही आत गर्भ नाही, असं दिसल्याशिवाय एकाच सोनोग्राफीवर 'वाढ नाही' असा निकाल देत नाहीत. थैली पिशवीत आहे, प्रकृती स्थिर आहे, पण मापं याहून कमी आहेत? मग ७ ते १४ दिवसांनी परत बघा, आणि तोवर पिशवी साफ करायला घाईने होकार देऊ नका.

राहता राहिल्या विटा. सुरुवातीचे निम्मे-अर्धे गर्भपात गर्भाच्या गुणसूत्रांतल्या दोषामुळे होतात, आणि तो दोष गर्भधारणेच्या वेळीच ठरलेला असतो. पलंगाच्या उताराने तो बदलत नाही. झोपून राहिल्याने गर्भपात टळतो असं अभ्यासांतून दिसलेलं नाही. सासूबाई काळजीपोटी सांगतात हे कळतं, दमली असाल तर विश्रांती जरूर घ्या. पण पंधरा दिवस पडून राहिल्याने पायाच्या शिरांत रक्ताच्या गाठी होण्याचा धोका वाढतो, आणि उठायचंच नाही म्हणून तपासणी लांबते ती वेगळीच.

औषध म्हणाल तर प्रोजेस्टेरॉन या गर्भ टिकवणाऱ्या संप्रेरकाचा फायदा सरसकट सगळ्यांना नाही. ब्रिटनमध्ये ४,१५३ बायकांवर झालेल्या, २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या प्रिझम चाचणीत औषध घेतलेल्या ७५ टक्के आणि न घेतलेल्या ७२ टक्के जणींना जिवंत मूल झालं. हा फरक योगायोगानेही पडू शकेल इतका लहान होता. मात्र आधी तीन किंवा जास्त गर्भपात झालेल्यांत ते प्रमाण ७२ आणि ५७ असं होतं. म्हणून आधी गर्भपात झालेला असेल आणि आता रक्त दिसत असेल, तर ब्रिटनच्या मार्गदर्शक सूचनांनुसार ४०० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून दोनदा योनीमार्गातून देतात. ठोके दिसले की ती १६ आठवडे पूर्ण होईपर्यंत चालू ठेवतात. पण गर्भ पिशवीतच आहे हे सोनोग्राफीत दिसल्यावर, त्याआधी नाही. परस्पर आणलेली हीच गोळी नळीतल्या गर्भाचं काही करत नाही, आणि 'औषध चालू आहे' म्हणून बाई आणखी आठवडाभर घरी थांबते.