रद्द केलेल्या ऑर्डरचा परतावा: क्रेडिट कार्डाच्या बाबतीत काय होते

ग्राहकाचा अभिप्राय: “१० तारखेला साडीची ऑर्डर रद्द केली, आज १७ उजाडली तरी खात्यात ६,४०० रुपये आले नाहीत. मैत्रिणीने यूपीआयने भरले होते, तिला दोन दिवसांत मिळाले. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे रोजचे १०० रुपये द्या.”

दुकानमालकाचे उत्तर:

नमस्कार ताई. आपण पैसे क्रेडिट कार्डाने भरले होते, त्यामुळे ते बचत खात्यात न येता कार्डाच्या खात्यावरच जमा होतील. म्हणून पासबुकाऐवजी कार्डाच्या ॲपमध्ये, अजून बिलात न आलेल्या व्यवहारांच्या यादीत, जमेची नोंद पाहावी.

आम्ही परताव्याची सूचना १० तारखेलाच पेमेंट गेटवेला दिली. यूपीआयचा परतावा थेट बँक खात्यात जातो आणि बहुधा २ ते ४ दिवसांत पोहोचतो. कार्डाचा मात्र आमच्या बाजूची बँक, कार्डाचे नेटवर्क आणि आपली बँक अशा टप्प्यांतून जातो, म्हणून त्याला साधारण ५ ते ७ कामाचे दिवस लागतात, आणि मधले रविवार व बँकेच्या सुट्या त्यात धरल्या जात नाहीत. नेट बँकिंगलाही जवळपास तेवढाच वेळ लागतो.

आपल्या बाबतीत आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे. आपले बिल १२ तारखेला निघते, असे आपण फोनवर सांगितले होते. म्हणजे त्या बिलात ६,४०० रुपयांचा खर्च दिसेल, पण परतावा दिसणार नाही. देय तारखेपूर्वी परतावा जमा झाला, तर बँकेने तो त्याच थकबाकीतून वळता करून ग्राहकाला कळवावे, असा रिझर्व्ह बँकेचा निर्देश आहे. तरीही बिलाची छापील रक्कम बदलत नाही, म्हणून कमी भरण्याआधी सुधारित रक्कम बँकेकडून लेखी विचारून घ्यावी, कारण पूर्ण देय रकमेपेक्षा कमी भरले गेल्यास व्याज लागू शकते.

रोजच्या १०० रुपयांची तरतूद रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकात आहे. ती अयशस्वी व्यवहारांसाठी आहे, म्हणजे पैसे कापले गेले पण दुकानदाराला यशस्वी झाल्याची पुष्टी मिळाली नाही, अशा वेळी. आपला व्यवहार यशस्वी झाला होता आणि ऑर्डर नंतर रद्द झाली, त्यामुळे ती येथे लागू होत नाही.

परताव्याचा २३ अंकी एआरएन क्रमांक मी आपल्याला ईमेलने पाठवला आहे. कार्डाच्या ग्राहक सेवेला ऑर्डर क्रमांक सांगून उपयोग होत नाही. हा एआरएन सांगितला की त्यांना परतावा शोधता येतो. २० तारखेपर्यंत नोंद दिसली नाही आणि या क्रमांकाचा परतावा मिळालाच नाही असे बँकेने सांगितले, तर ते उत्तर मला त्याच ईमेलवर पाठवा; त्याच्या आधारे मी गेटवेकडून शोध सुरू करून घेईन.