ज्येष्ठमधाच्या काड्या आणि वहिनीची वही

“कॉर्टिसॉल एकदा नॉर्मल आलं की कुशिंग नाहीच. कधी जास्त, कधी नॉर्मल ही लॅबची चूक. पुन्हा पुन्हा टेस्ट म्हणजे लूट. रोज ज्येष्ठमध चघळा, कॉर्टिसॉल आपोआप उतरतं.”

हा मेसेज आमच्या घरच्या ग्रुपवर आला आणि वहिनीनं लगेच इतवारीतून काड्या मागवल्या. कुशिंग म्हणजे अंगात कॉर्टिसॉल हे संप्रेरक दीर्घकाळ जास्त राहण्याचा आजार, आणि वहिनीच्या त्याच्याच तपासण्या चालल्यात. म्हणून लिहितोय.

आधी काड्यांचंच. कॉर्टिसॉलला निष्प्रभ करणारं एक एंझाइम मूत्रपिंडात असतं, आणि ज्येष्ठमध नेमकं त्यालाच अडवतं. मग शरीर मीठ धरून ठेवतं, बीपी चढतं, पोटॅशियम उतरतं. जिला आधीच कॉर्टिसॉलनं पछाडलंय तिला हे चघळायला सांगायचं? वर लाळग्रंथीतही तेच एंझाइम असल्यानं लाळेच्या तपासणीत आकडा खोटा चढतो. तंबाखूही तिथं गडबड करते, तेव्हा खर्रा खाणाऱ्यांनी आधीच सांगून टाकावं.

आता लॅबची चूक. काही रुग्णांत कॉर्टिसॉल चढतं आणि आपोआप उतरतं. एक फेरी काही तासांची असते, नाहीतर काही महिन्यांची. उताराच्या दिवशी नमुना दिला तर रिपोर्ट नॉर्मलच येणार, लॅब खरंच सांगते. वहिनीचा पहिला रिपोर्ट सकाळी आठच्या रक्ताचा होता. त्या वेळी सगळ्यांचंच कॉर्टिसॉल चढलेलं असतं, त्यावरून काय कळणार? दुसरा डेक्सामेथासोन या कॉर्टिसॉल दाबणाऱ्या गोळीनंतरचा, तोही नॉर्मल. पण अशा चढ-उताराच्या चक्राचा संशय असेल तर या गोळीपेक्षा चोवीस तासांची लघवी किंवा मध्यरात्रीची लाळ तपासा, असं अमेरिकेच्या एंडोक्राइन सोसायटीच्या २००८ च्या मार्गदर्शिकेतच आहे. निरोगी माणसाचं कॉर्टिसॉल मध्यरात्री तळाला असतं. तेव्हाही ते वर राहिलं तर लपत नाही.

डॉक्टरांनी बारा आठवडे दर रविवारी रात्री अकराला नमुना द्यायला लावला. कापसाची वळकटी दोन मिनिटं तोंडात घोळवायची, नळीत टाकून फ्रिजमध्ये ठेवायची. त्याआधी ब्रश नाही, हिरड्यांतून रक्त आलं तर नमुना वाया. चेहरा सुजला किंवा उकिडवं बसून उठता येईना, तर त्या रात्रीही नमुना, आणि वहीत नोंद. तिसऱ्या आठवड्यात आकडा मर्यादेच्या दुप्पट, पाचव्यात नॉर्मल, सातव्यात तिप्पट, नवव्यात नॉर्मल, अकराव्यात पुन्हा दुप्पट. तीन चढ, मध्ये दोन उतार: चक्र म्हणायला हाच परंपरेनं मानलेला निकष. वहीत नोंदलेले अंगावरचे निळे डाग आणि १६०/१०० चं बीपी त्याच तीन आठवड्यांतलं.

लुटीचं थोडं मान्य करतो. सुटलेल्या प्रत्येक पोटासाठी हे करायचं नसतं, खर्चही होतोच. ताण, दारू, जागरणानंही एखादा आकडा चढतो. पण म्हणूनच एकट्या चढलेल्या आकड्यावरही कोणी निदान करत नाही.

आता कॉर्टिसॉल वाढवायचा हुकूम कुठून येतो ते शोधायला मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीजवळच्या शिरांतून रक्त घ्यायचंय, तेही चढाच्याच काळात. उतारात घेतलं तर निरोगी पिट्युटरीच उत्तर देते आणि ती निर्दोष असली तरी ठपका तिच्यावर येतो. म्हणून आदल्या रात्रीची लाळ आधी तपासणार. नळी फ्रिजच्या दारात तयार आहे. काड्या मी लपवल्यात.