तीट केवढी लावायची?

कॅम्पस इंटरव्ह्यूत "स्वतःबद्दल सांगा" म्हटल्यावर काय सांगायचं, हे पोरांना शिकवण्याचं खातं आमच्या घराण्यात माझ्याकडे आहे. चाकणच्या एका कारखान्यात मी बरीच वर्षं टेबलाच्या पलीकडे बसलोय, एवढीच माझी पात्रता. त्या बाजूला बसलं की सगळी ओळख सारखीच ऐकू येते. दहावीला इतके टक्के, बारावीला त्याहून जास्त, मग रोबोटिक्सचं बक्षीस, मग गॅदरिंगचं सेक्रेटरीपद. चौथ्या उमेदवारापर्यंत वाटायला लागतं की या गुणी बाळांना साधी सर्दी तरी कधी झाली असेल का!

म्हणून भाचा तयारीला आमच्याकडे राहायला आला तेव्हा मी त्याला म्हटलं, "ओळखीत एक छोटंसं अपयश घाल. खरं वाटतं."

तो संध्याकाळी पाठ करून आला. "सर, माझा दोष असा, की मी कामात इतका बुडतो की जेवायचंही विसरतो." हे वाक्य त्याने तोंडात अळूवडी धरून म्हटलं. असले दोष टेबलापलीकडच्या माणसाने शेकड्यांनी ऐकलेले असतात. कुणी परफेक्शनिस्ट असतो, कुणाला 'नाही' म्हणता येत नाही, कुणी फारच प्रामाणिक असतो. ही सगळी कौतुकंच, फक्त पडलेला चेहरा करून सांगितलेली. सरळ फुशारकी मारणारा निदान आपला वेळ तरी वाचवतो.

मग त्याने दुसरं टोक गाठलं. सीईटीत घसरलेला स्कोअर, त्याच वर्षी वडिलांची झालेली बदली, मेसच्या जेवणाने झालेली कावीळ, दुसऱ्या वर्षीचा एम-थ्रीचा, म्हणजे गणिताच्या पेपरचा बॅकलॉग आणि इयर डाऊन होता होता वाचल्याची हकिकत. माझी बायको दारात उभी राहून ऐकत होती. तिने डोळे पुसले आणि त्याच्या बशीत आणखी पोहे वाढले. ऐकणाऱ्याच्या मनात पोहे वाढायची इच्छा जागी झाली, म्हणजे प्रमाण हुकलं. कंपनीला ऑफर लेटर द्यायचं असतं, पोहे नव्हे.

तेवढ्यात ताईचा फोन. "माझ्या पोराचं कसलं रे अपयश? तूच काहीतरी भरवतोयस त्याच्या डोक्यात." मागून आई म्हणाली, "लहानपणी जिन्यावरून गडगडला होता, ते सांगा म्हणावं. सांगण्यासारखं आहे."

मी ताईला एलियट अ‍ॅरन्सन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाचा 1966 सालचा प्रयोग सांगून पाहिला. त्याने विद्यार्थ्यांना प्रश्नमंजूषेच्या टेप ऐकवल्या. एका टेपमधला स्पर्धक 92 टक्के प्रश्न बरोबर सोडवणारा, दुसऱ्यातला जेमतेम 30 टक्के. काही टेपमध्ये शेवटी कप लवंडल्याचा आवाज यायचा आणि स्पर्धक कळवळायचा, की नव्या सुटावर कॉफी सांडली. कॉफी सांडलेला हुशार माणूस ऐकणाऱ्यांना आणखी आवडला. पण 30 टक्केवाल्याने कॉफी सांडली, तर तो होता त्याहूनही नावडता झाला. म्हणजे बाळाला न्हाऊमाखू घालून, झबलं-टोपडं चढवून मग लावतात ती काजळाची तीट शोभते. शेंबड्या, मातीत लोळलेल्या पोराला लावली तर तीट कुठली आणि मळ कुठला, ते कळत नाही.

"म्हणजे आधी हुशारी सांगायची ना?" ताई म्हणाली. हो. तिला हवं तेवढंच तिने घेतलं, पण बरोबर घेतलं.

तर आधी भाच्याने प्रोजेक्ट सांगायचा असं ठरलं. त्याने जवळच्या वर्कशॉपमध्ये ड्रिलिंगसाठी एक जिग बनवलं होतं, ते खरोखर वापरात होतं. त्यानंतर तीट. अगदी सुरुवातीला सांगितलं तर माणूस माफी मागायला आल्यासारखा दिसतो आणि शेवटी सांगितलं तर पॅनेलच्या डोक्यात तेवढंच उरतं.

अपयश निवडलं एम-थ्रीचं. पुण्याच्या इंजिनीअरिंगमध्ये गणिताच्या या पेपरने भल्याभल्यांना लोळवलंय, त्यामुळे पॅनेललाही ते परकं नसतं. शिवाय बॅकलॉग डेड होता. लाईव्ह बॅकलॉग असेल तर बऱ्याच कंपन्या बसूच देत नाहीत, आणि ओळखीतल्या अपयशालाही मी तोच नियम लावतो: सुटलेलं सांगावं, अजून लटकलेलं नाही. त्यात त्याचा अर्ज क्वालिटीसाठी होता. डिझाइनमधल्या स्ट्रेस अ‍ॅनालिसिसच्या जागेसाठी असता, तर गणितात आपटल्याची गोष्ट मी त्याला आपणहून काढू दिली नसती. आणि मार्कशीट काही झाकून राहत नाही. त्यांनी बोट ठेवण्याआधी आपण सांगितलं तर तो प्रामाणिकपणा. नंतर सांगितलं तर खुलासा.

पूर्ण ओळख दीड मिनिटाची. त्यात अपयशाला मी पंधरा-वीस सेकंद दिले, म्हणजे तीन वाक्यं. पहिल्या खर्ड्यात "पेपर फारच अवघड आला होता आणि तपासणी कडक होती" असं होतं. ते खोडलं. कडक तपासणी हे विद्यापीठाचं अपयश झालं, त्याला विद्यापीठाने आपल्या इंटरव्ह्यूत सांगावं. शेवटी उरलं ते असं:

"दुसऱ्या वर्षी माझा एम-थ्री राहिला. मी फक्त जुने पेपर पाठ करत होतो, मुळातून युनिट केलंच नव्हतं. पुढच्या वेळी रोज एक गणित सोडवून रूममेटला समजावून द्यायचो, आणि 58 मार्कांनी विषय सुटला."

काय झालं, आपलं काय चुकलं, मग काय बदललं. 58 हा आकडा मी मुद्दाम ठेवला. 85 असता तर गोष्ट पुन्हा पराक्रमाची झाली असती. पण भाच्याला चौथं वाक्य सुटेना. "आणि यातून मी शिकलो, की अपयश ही यशाची..." इथे मी रोज हात वर करून त्याला थांबवायचो. पोरगं तीन वाक्यांत माणूस वाटतं आणि चौथ्यात शाळेच्या फळ्यावरचा सुविचार होतं.

इंटरव्ह्यूत त्याने तीनवरच ब्रेक लावला. पॅनेलमधल्या एका साहेबांनी लगेच विचारलं, "कुठलं युनिट नडलं?" हा प्रश्न आला की समजावं, तीट बरोबर बसली. "आता घरी सगळं ठीक आहे ना?" असं विचारलं असतं, तर काजळ गालभर फासलं गेलं असतं. याने सांगितलं, "लाप्लास ट्रान्सफॉर्म." साहेबांनी कागद पुढे सरकवला आणि एक छोटं गणित घातलं. ते सुटलं. बनवून सांगितलेलं अपयश याच कागदाशी येऊन आपटतं.

नोकरी लागली, ताईने पेढे वाटले आणि प्रत्येक पेढ्यामागे एम-थ्रीची गोष्टही वाटली. परिणामी सोसायटीतली पोरं हल्ली आपापली अपयशं घेऊन माझ्याकडे तपासायला येतात. काल तिसऱ्या मजल्यावरची मुलगी आली. पहिल्या सेमिस्टरपासून ऑल क्लिअर, वर डिस्टिंक्शन, त्यामुळे बिचारी हवालदिल.

"काका, माझ्याकडे काहीच नाहीये. तुमचं एखादं वापरू का?"

"उसनं नको. नीट आठव."

बराच वेळ आठवून ती म्हणाली, "ड्रायव्हिंगच्या टेस्टला नापास झाले होते. रिव्हर्स घेताना खांबाला ठोकली. पण मग क्लास लावला आणि सुटले."

सुटलेलं, स्वतःचं, छोटं. सगळं जमत होतं. मी खूश होऊन विचारलं, "वा! कंपनी कुठली?"

"फोर्कलिफ्ट बनवतात, काका. टेस्टिंगला घेणारेत."