वरून मारुती दिसत नाही

मळा या आमच्या वाड्यातल्या, म्हणजे वस्तीतल्या, मारुतीची जत्रा तोंडावर आली की पणजीत बाहेरून माणसं येतात आणि फोंतेन्याशच्या गल्ल्यांत हरवतात. आणि हरवली की नेमकी आमच्या दारात येऊन विचारतात. तर यंदा आम्ही चारपाच शेजारी मिळून ठरवलं की एक चित्रांचा नकाशा काढायचा, ए-थ्री कागदावर वाटायचा आणि तोच मोठा करून बोर्डावर लावायचा. काढणार कोण? शाळेत माझं चित्र एकदा भिंतीवर लावलं होतं हे काकूंना अजून आठवतं. संपलं.

आधार म्हणून एक ड्रोनचा फोटो मिळाला. लग्नाचे फोटो काढणाऱ्या ओळखीच्या पोराने काढून दिला, खाडीच्या बाजूने आल्तिन्योच्या डोंगराकडे बघणारा. काय सुंदर फोटो हो! लाल कौलं, मध्येमध्ये माड, पाठीमागे हिरवा डोंगर. मी म्हटलं आता काय, यावर ट्रेस करायचं, दोन तासांचं काम. त्यानंतर तीन आठवडे माझ्या घरात माझ्याशी कोणी नीट बोलत नव्हतं.

पहिला घोळ फोटोतच होता. नकाशासाठी कॅमेरा सरळ खाली बघणारा पाहिजे, हा तिरका होता. मी पोराला म्हटलं, सरळ खाली बघून का नाही घेतलास? तो म्हणाला, अंकल, हिशेब करा. ड्रोनच्या साध्या लेन्समध्ये जेवढी उंची त्याच्या साधारण दीडपट रुंदी मावते. ड्रोनला मोकळीक असलेल्या ग्रीन झोनमध्येसुद्धा 120 मीटरच्या वर परवानगीशिवाय नेता येत नाही, म्हणजे एका फोटोत 180 मीटर. तुमचा वाडा 600 मीटरहून लांब. मग एकतर ढीगभर फोटो एकमेकांवर चढवून जोडायचे, नाहीतर हा एक तिरका घ्यायचा. तुम्ही पैसे किती देणार होता? मी विषय बदलला.

तिरक्या फोटोत खाडीजवळची घरं हत्तीएवढी आणि डोंगराजवळची काडेपेटीएवढी दिसतात. यावर उपाय आहे. गिंप या फोटो सुधारायच्या प्रोग्रॅममध्ये पर्स्पेक्टिव्ह नावाचं टूल आहे, त्यात फोटोचे चार कोपरे ओढून तो सपाट करता येतो. ओढायचा किती ते जमिनीवरच्या चार ओळखीच्या जागांवरून ठरतं, त्यांच्यातलं अंतर पावलांनी मोजून आणायचं. मी शहाण्यासारखा चॅपेलच्या छपराचा कोपरा धरला आणि फोटो असा वाकला की रुआ द ओरेम हा रस्ता खाडीत उतरला. चारही बिंदू जमिनीवरचेच पाहिजेत, रस्त्याचा कोपरा, पुलाचं टोक, अंगणाची कड असे. छप्पर चालत नाही, हे कळायला एक रविवार गेला.

एवढं करून खालचा भाग मस्त बसला आणि मारुतीचं देऊळ मात्र पळालं! पार डोंगराच्या आत गेलं. मी पुन्हा ओढला, पुन्हा पळालं. शेवटी आमच्या शेजारचे काका, सर्व्हे खात्यातून रिटायर झालेले, त्यांनी चहाच्या कपाशेजारी पेन्सिलीने आकृती काढून दाखवली. टूल समजतं की सगळं सपाट जमिनीवर आहे. देऊळ तर डोंगरावर. कॅमेऱ्यापासून देवळाच्या माथ्यावरून जाणारी रेघ पुढे नेली की ती सपाट जमिनीला कुठे टेकेल, तिथे टूल देऊळ नेऊन ठेवतं. समज ड्रोन 100 मीटरवर आहे, देऊळ 25 मीटर उंचीवर आणि ड्रोनपासून आडवं अंतर 300 मीटर. 300 गुणिले 100 भागिले 75, झाले 400. म्हणजे देव 100 मीटर मागे सरकला. काका म्हणाले, "मारुतीच तो, उडी मारणारच." आणि स्वतःच हसले, मग बिस्किट घेतलं.

म्हणजे काय, सपाट भाग फोटोवरून आणि डोंगराचा भाग चालून. मी पायऱ्या चढलो, वळणं वहीत लिहिली, धापा टाकल्या, देवळासमोर बसून पुन्हा धापा टाकल्या. उतरताना एका आजीने विचारलं, "कितें जालें रे, नवस फेडटा?" मी हो म्हटलं, नकाशाचं सांगत बसलो असतो तर संध्याकाळ झाली असती.

मग खरं ट्रेसिंग. इंकस्केप या चित्र काढायच्या प्रोग्रॅममध्ये फोटो खालच्या लेयरवर टाकायचा, फिका करायचा, साधारण 35 टक्क्यांवर, आणि कुलूप लावायचं. कुलूप विसरलात तर एका धक्क्यात फोटो सरकतो आणि पुढचं सगळं चुकीच्या जागी काढलं जातं, मी रात्री साडेबारापर्यंत काढलं. वरच्या लेयरवर रस्ते. पण रस्ते दिसतात कुठे? आंब्याच्या आणि माडाच्या खाली अर्धे गायब. जे दिसतात त्यातला एक तर रस्ताच नव्हता. दोन घरांमधून जाणारी छान काळपट गल्ली काढली, दोन दिवसांनी काकूंनी बघितलं आणि म्हणाल्या, ही आमची मागची भिंत, तिची सावली आहे ती, इथून कोण जाणार, मांजर? तेव्हापासून एक कळलं, फोटोत सगळ्या सावल्या एकाच दिशेला पडतात, तुमची नवी गल्ली भिंतीला लागून, बाकीच्या सावल्या पडतात त्याच बाजूला निघाली तर आधी संशय घ्यायचा आणि जाऊन बघून यायचं.

हाताने काढलेली रेघ थरथरते. तिच्यासाठी `Ctrl+L` आहे, रेघेवरचे नको असलेले बिंदू कमी होतात. एकदा दाबलं, रस्ता सुरेख. दुसऱ्यांदा दाबलं, आणखी सुरेख. पाचव्यांदा दाबलं तर 31 जानेवारी नावाच्या रस्त्याची शेवई झाली. वळण जिथे माणसाला वळायला लावतं ते ठेवायचं, जे नुसतं रस्त्याचं अंग मोडणं आहे ते काढायचं, हे काही मशीनला कळत नाही.

रुंदीचं प्रकरण वेगळंच. 630 मीटरचा वाडा 42 सेंटिमीटर कागदावर म्हणजे 1 मिलिमीटरला दीड मीटर. तीन मीटरची गल्ली कागदावर 2 मिलिमीटर झाली. त्यात नाव काय लिहिणार, देवनागरीला वर वेलांटी खाली उकार, मुंगीने वाचलं असतं. मग गल्ली 5 मिलिमीटर केली, म्हणजे जमिनीवरची साडेसात मीटर. ही जादा जागा येणार कुठून? घरांतून. दोन गल्ल्यांमधली 12 मीटर खोल घरांची ओळ दोन्हीकडून सव्वादोन-सव्वादोन मीटर खाल्ली जाऊन साडेसात मीटरवर आली. नकाशे काढणारे हे राजरोस करतात, खरं माप सोडतात पण कुठल्या गल्लीनंतर कुठली गल्ली हा क्रम सोडत नाहीत. हे मी त्या ओळीतल्या एका गृहस्थांना सांगितलं तर ते म्हणाले, "रस्ता रुंदीकरणाची नोटीस तरी द्यायची होतीस." आणि आठवडाभर मला बघून गेट लावून घेत होते.

त्यानंतर खुणांची चित्रं. इथे मला सगळ्यात मोठा साक्षात्कार झाला. वरून कुठलीच खूण ओळखता येत नाही! संत सेबास्त्यांवचं चॅपेल वरून बघा, लाल कौलं. शेजारचं घर, लाल कौलं. बेकरी, लाल कौलं. माणूस काही घारीसारखा उडत येत नाही, तो समोरून येतो, त्याला दर्शनी बाजू ओळखीची. म्हणून रस्ते वरून काढायचे आणि खुणा समोरून, दोन्ही एकाच कागदावर. म्हणायला हे खोटं आहे पण डोळ्याला अजिबात खटकत नाही. मी फोन घेऊन फिरलो, प्रत्येक खुणेसमोर उभा राहून फोटो काढले आणि प्रत्येकातली तीनच वैशिष्ट्यं ठेवली. चॅपेलला वरचा क्रॉस, मधला दरवाजा आणि पांढरा रंग. त्यात पुन्हा गंमत, पांढरं चॅपेल पांढऱ्या कागदावर दिसेनाच, शेवटी कागद फिक्या पिवळ्या रंगाचा केला आणि चॅपेलला जाड निळी कड दिली. देवळाला पायऱ्या आणि भगवा झेंडा. फेनिक्सच्या झरीला नुसते पाण्याचे थेंब. चित्रं सगळी एकाच मापाची, बारा मिलिमीटर, नाहीतर मग कोणाचा देव मोठा हा प्रश्न येतो आणि तो मला सोडवायचा नव्हता.

बातमी फुटली आणि लोक यायला लागले. "म्हजें घर खंय?" हा एकच प्रश्न. एकाला आपला बंद पडलेला पसरो, म्हणजे दुकान, पाहिजे होता, एकाला नवीन गाडी, म्हणजे गाडी जिथे उभी असते ती जागा. मी चौदाची एकवीस चित्रं केली आणि नकाशा लोणच्याच्या बरणीसारखा दिसायला लागला, सगळं आहे आणि काही सापडत नाही. मग एक युक्ती केली. दोन संध्याकाळी कोपऱ्यावरच्या बेकरीजवळ नुसता उभा राहिलो आणि लोक एकमेकांना वाट कशी सांगतात ते ऐकलं. चॅपेल, झर, बेकरी, पूल, "त्या निळ्या घराचा कोपरा". अशा सगळ्या मिळून नऊच गोष्टी. जे कोणाच्या तोंडात येत नाही ते नकाशात येणार नाही असं जाहीर केलं. पसरोवाले म्हणाले, "हांव सांगतां न्ही, म्हज्या तोंडांत येता!" ते वगळता नियम टिकला.

राहिलं भांडण दिशेचं. सर्व्हेवाले काका म्हणाले, उत्तर वर. नकाशा म्हणजे उत्तर वर, त्याला पर्याय नाही. आता मला सांगा, मळ्यात कोणी कधी उत्तरेला गेलंय का? आम्ही डोंगराकडे वर जातो आणि खाडीकडे खाली येतो. उत्तर वर केली की डोंगर डावीकडे येतो आणि देवळात जायला "वर" जाणारा माणूस कागदावर आडवा चालतो. मी डोंगर वर ठेवला, म्हणजे पश्चिम वर, आणि कोपऱ्यात उत्तरेचा बाण उजवीकडे वळवून काढला. काकांनी तो बाण बघितला, चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग म्हणाले, "बरं. पण बोर्ड लावताना लक्ष ठेव, बघणाऱ्याचं तोंड डोंगराकडे पाहिजे."

मी तोंडाने हो म्हटलं आणि विसरलो, कारण बोर्ड लागला त्या दिवशी मी झोपलो होतो, तीन आठवड्यांची झोप होती ती. लावणाऱ्या पोरांना रस्त्याच्या डोंगराकडच्या बाजूला जागा मिळाली नाही म्हणून त्यांनी बोर्ड समोर, खाडीच्या कठड्याला बांधला. चांगला घट्ट, तारेने. आता बोर्ड वाचणाऱ्याचं तोंड खाडीकडे आणि पाठ डोंगराला. बोर्डावर मारुती सरळ वर. माणसं बघायची, हं सरळ, असं म्हणायची आणि खाडीच्या बाजूने सरळ चालू लागायची. सकाळभर जत्रेची माणसं हातात नारळ घेऊन पाटोच्या पुलावर पोचत होती.

दुपारी मी आणि काका जाऊन तारा सोडत होतो तेव्हा एक बाई मागून आल्या, बोर्डाकडे बघितलंसुद्धा नाही, काकांना विचारलं, मारुतीच्या देवळात कसं जायचं हो? काकांनी पक्कड धरलेला हात तसाच उचलला आणि डोंगर दाखवला. "वर."