‘विकू नका, तारण ठेवा’ म्हणे!

“एफडी मोडणारे आणि फंड विकणारे कायम गरीब राहतात. त्यावर कर्ज काढा! टॅक्स शून्य, व्याज नावापुरतं, पैसा वाढतच राहतो. धोका काहीच नाही, कारण तारण तुमचंच. श्रीमंत लोक असंच करतात.”

हा मेसेज फिरत फिरत दांडिया बाजारातल्या आमच्या आत्याकडे पोचला. वाड्याच्या छपराला पाच लाख हवेत, फंडात दहा लाख आहेत आणि आत्या फॉर्म भरायला बसली. म्हणून हा खटाटोप.

आधी टॅक्सचं बघू. आत्याचे दहा लाख इक्विटी फंडात आहेत, मूळ गुंतवणूक सात लाखांची आणि सगळे युनिट वर्षापेक्षा जुने. पाच लाखांचे विकले तर त्यात नफा दीड लाख. वर्षाला सव्वा लाखापर्यंतच्या अशा नफ्यावर कर नाही. उरलेल्या पंचवीस हजारांवर साडेबारा टक्के म्हणजे 3,125 रुपये, वर थोडा उपकर. थोडे मार्चमध्ये आणि थोडे एप्रिलमध्ये विकले तर तेवढाही नाही. कर्जाचं व्याज साडेदहा टक्के धरा: वर्षाला 52,500. तीन हजार वाचवायला बावन्न हजार मोजायचे, याला कोणतं गणित म्हणतात ते मेसेज लिहिणाऱ्यालाच माहीत.

‘पैसा वाढतच राहतो’ हे बाजार वाढला तर. न विकता कर्ज काढणं म्हणजे कर्जाच्या पैशाने बाजारात थांबणं. फंडाचा परतावा नक्की नसतो, व्याज मात्र नक्की असतं.

आता ‘धोका काहीच नाही’. खरा राग यावर आहे. इक्विटी फंडावर साधारणपणे युनिटांच्या किमतीच्या निम्मं कर्ज मिळतं, आणि हे निम्मं पहिल्या दिवसापुरतं नसतं. एनएव्ही, म्हणजे युनिटचा भाव, घसरली की कर्जाची मर्यादाही तिच्यामागे घसरते. खात्यात ती ‘ड्रॉइंग पॉवर’ म्हणून दिसते. वापरलेली रक्कम तिच्या वर गेली की फरक भरा असा निरोप येतो, मुदत थोड्या दिवसांची. नाही भरला तर लिएन लावलेले, म्हणजे तारणात अडकवलेले, युनिट सावकार स्वतः विकतो. तसा हक्क आपणच करारात सही करून दिलेला असतो. त्या विक्रीत नफा झाला तर कर आपल्याच नावावर.

समजा बाजार तीस टक्के पडला. दहाचे सात लाख झाले, मर्यादा साडेतीन लाखांवर आली, कर्ज मात्र पाच लाख. तूट दीड लाखाची. हातात रोकड नसेल तर दीड लाखाचे युनिट विकून भागेल? नाही. युनिट विकले की तारणही कमी होतं, त्याबरोबर मर्यादाही. हिशेब जुळायला तीन लाखांचे विकावे लागतात. मग उरतात चार लाखांचे युनिट आणि दोन लाखांचं कर्ज. सुरुवातीलाच विकले असते तर निम्मे युनिट गेले असते आणि डोक्यावर दमडीचं कर्ज नसतं. इथे पडत्या भावात निम्म्याच्या जवळपास युनिट गेले, वर कर्ज आहेच, शिवाय मधल्या काळाचं व्याज.

तीस टक्के घसरण म्हणजे मी उगाच भीती घालतोय असं वाटत असेल, तर 2020 आठवा. निफ्टी 14 जानेवारीला 12,362 वर बंद झाला होता, 23 मार्चला 7,610 वर. म्हणजे अडतीस टक्के, तेही दहा आठवड्यांत. त्या एका 23 मार्चच्या दिवशीच तेरा टक्के. नेमके त्याच काळात लोकांचे पगार आणि धंदे अडकले होते, म्हणजे फरक भरायला रोकड कोणाकडे होती?

दहा लाखांवर तीन लाखच उचलले असते तर युनिट सहा लाखांवर येईपर्यंत निरोप आला नसता. काढायचंच असेल तर इतकंच, आणि फेडीचा पैसा कुठून येणार हे ठरलेलं असताना.

एफडीच्या बाबतीत मात्र मेसेजात अर्धं सत्य आहे, नाइलाजाने मान्य. तिथे तारणाची किंमत पडत नाही. व्याज एफडीच्या दरापेक्षा साधारण एक-दोन टक्के जास्त, आणि ओव्हरड्राफ्ट असेल तर वापरलेल्या रकमेवरच. एफडीची मुदत दोन महिन्यांत संपत असेल तर मोडण्यापेक्षा हेच बरं, कारण मोडली की ठेवलेल्या काळाचा दर लागतो आणि वर दंड. पण सात टक्क्यांच्या एफडीवर आठ टक्क्यांनी घेतलं तर खर्च एकच टक्का, असं समजू नका. एफडीच्या व्याजावर कर चालूच राहतो. वीस टक्क्यांच्या स्लॅबमध्ये हातात 5.6 टक्के पडतात, म्हणजे खरा खर्च 2.4. व्याज न भरता वर्षानुवर्षं तसंच ठेवलं तर ते चढत जातं आणि मुदतीला बँक आपलं कापून घेऊन उरलेलं देते.

करबचतीची पाच वर्षांची एफडी तारण ठेवताच येत नाही. हे मेसेजात नाही, अर्थातच.

श्रीमंतांचं म्हणाल, तर त्यांच्याकडे फरक भरायला दुसरीकडून पैसा असतो. आत्याकडे पेन्शन आहे, आणि ती महिन्याच्या किराण्यातच जाते. पाच लाखांचे युनिट अर्धे मार्चमध्ये, अर्धे एप्रिलमध्ये विकायचे असं ठरलंय. मिस्त्रीही दोन हप्त्यांना तयार आहे.