पावसाचा पीएच 6 आला, पण म्हणून ती आम्लवर्षा नव्हे

तुमच्या पाहणीचा निष्कर्ष तुम्ही असा लिहिलाय: «शुद्ध पाण्याचा पीएच 7 असतो. आम्ही गच्चीवर पावसाचं पाणी धरलं, त्याचा पीएच 6 आला. 30 पैकी 22 जणांनी पावसात भिजल्यावर अंग खाजतं असं सांगितलं. म्हणजे गाड्यांच्या कार्बन डायऑक्साइडमुळे आपल्याकडे आम्लवर्षा होते.»

7 हा आकडा शुद्ध पाण्याचा आहे, पावसाचा नाही. थेंब खाली येता येता हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळवून घेतो, त्यामुळे प्रदूषण नसलेल्या हवेतही पावसाचा पीएच 5.6 च्या आसपास असतो. आम्लवर्षा म्हणायची तर आकडा त्याच्याही खाली हवा, बहुधा तो 4.2 ते 4.4 असतो. पीएचमध्ये एक अंक उतरला की आम्लता दहापट वाढते. म्हणजे 4.2 चा पाऊस स्वच्छ पावसाच्या सुमारे पंचवीसपट आम्ल असतो, आणि तुमचा 6 तर स्वच्छ पावसाहूनही कमी आम्ल!

असं का झालं असेल? माझा संशय गच्चीवर आहे. सिमेंट आणि धुळीतला चुना आम्ल मारतो. भांडं ऊर्ध्वपातित पाण्याने विसळून, पाऊस सुरू झाल्यावर उघड्यावर उंच ठेवायचं, म्हणजे जमिनीवरचे शिंतोडे त्यात पडत नाहीत. पीएच मोजायच्या कागदी पट्टीवरही फार विसंबू नका. पावसाच्या पाण्यात क्षार इतके कमी असतात की तिचा रंग हळूहळू आणि धूसर येतो. 4 आणि 7 च्या द्रावणांवर जुळवून घेतलेला मीटर बरा, आकडा स्थिरावेपर्यंत मात्र थांबायचं.

कार्बन डायऑक्साइडवरचा आरोपही चुकीचा. तो पावसाचा पीएच 5.6 पर्यंत आणतो, त्याखाली खेचतात ते सल्फर डायऑक्साइड आणि नायट्रोजनचे ऑक्साइड. पहिला कोळसा आणि इंधनतेलातल्या गंधकातून येतो. दुसरे मुख्यतः इंजिन आणि भट्टीच्या प्रचंड उष्णतेत हवेतलाच नायट्रोजन जळून तयार होतात. या वायूंचं आम्ल बनायला काही तासांपासून काही दिवस लागतात, तोवर वारा त्यांना शेकडो किलोमीटर नेतो. म्हणून पाऊस आम्ल निघाला तरी चिमणी शेजारचीच असेल असं नाही.

राहिली खाज. आपल्या त्वचेचाच पीएच 5 च्या आसपास असतो आणि लिंबाच्या रसाचा 2 च्या जवळ. 4.2 च्या पावसाने अंग खाजायचं कारण नाही. आम्लवर्षेचा खरा मार तळ्यांवर पडतो: मातीतलं ॲल्युमिनियम सुटून पाण्यात उतरतं आणि माशांच्या कल्ल्यांना इजा करतं. डोळे चुरचुरत असतील तर ते धुरक्याचं काम असू शकतं. उन्हात नायट्रोजनचे ऑक्साइड आणि इंधनाच्या वाफा मिळून ओझोन आणि इतर झोंबणारे वायू तयार होतात. पण हे बहुधा कोरड्या, उन्हाच्या दिवसाचं दुखणं, पावसाचं नव्हे.

त्या 30 जणांना तुम्ही विचारलं होतं, «आम्लवर्षेमुळे तुमचं अंग खाजतं का?» उत्तर प्रश्नातच होतं. त्याऐवजी आम्लवर्षेचं नाव न घेता विचारा, की गेल्या आठवड्यात अंग कधी खाजलं, आणि त्या दिवशी पावसात भिजला होतात का. मग न भिजलेल्यांपैकी किती जणांना खाज होती तेही मोजा.